बँकर अल्गोरिदम

बँकर अल्गोरिदम ही संगणकाच्या कार्यप्रणालीत डेडलॉक टाळण्यासाठी वापरली जाणारी एक पद्धत आहे. एखाद्या प्रक्रियेने संसाधन मागितल्यावर ते लगेच न देता, दिल्यास पुढे सर्व प्रक्रिया कोणत्या तरी क्रमाने पूर्ण होऊ शकतील का, हे ही पद्धत आधी तपासते. असा क्रम सापडल्यास त्याला सुरक्षित क्रम म्हणतात. क्रम सापडला तर मागणी मंजूर होते. सापडला नाही, तर संसाधन मोकळे असूनही मागणी करणाऱ्या प्रक्रियेला थांबवले जाते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत मांडली. भारतातील संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत आणि गेट परीक्षेत सुरक्षित क्रम शोधण्याचे उदाहरण वारंवार विचारले जाते. या लेखात असे एक उदाहरण लेखी परीक्षेत मांडावे तसे टप्प्याटप्प्याने सोडवले आहे.

## नाव आणि मूळ कल्पना

डाइक्स्ट्रा त्या काळी नेदरलँड्समधील आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठात होते. १९६५ च्या ‘कोऑपरेटिंग सिक्वेन्शिअल प्रोसेसेस’ या लेखनात त्यांनी एका बँकरचे रूपक वापरले. बँकरजवळ ठरावीक भांडवल आहे. प्रत्येक ग्राहकाने आपल्याला जास्तीत जास्त किती कर्ज लागेल हे आधीच सांगितले आहे. ग्राहक हे कर्ज हप्त्याहप्त्याने उचलतो, आणि त्याची पूर्ण गरज भागली की काम संपवून सगळी रक्कम परत करतो. गरज पूर्ण भागली नाही तर मात्र तो काहीच परत करील अशी खात्री धरता येत नाही.

समजा भांडवल २० रुपयांचे आहे. पहिल्या ग्राहकाची मर्यादा १६ असून त्याने ६ घेतले आहेत, दुसऱ्याची मर्यादा ९ असून त्याने ५ घेतले आहेत आणि तिसऱ्याची मर्यादा १५ असून त्याने ४ घेतले आहेत. तिजोरीत ५ रुपये उरले. तिघांना अजून अनुक्रमे १०, ४ आणि ११ रुपये लागू शकतात. बँकर दुसऱ्याची ४ ची गरज भागवू शकतो. तो काम संपवून सर्व ९ रुपये परत करील तेव्हा तिजोरीत १० होतील. त्यातून पहिल्याची गरज भागेल, त्याने १६ परत केल्यावर तिसऱ्याचीही भागेल. म्हणजे स्थिती सुरक्षित आहे.

आता तिसऱ्याने आणखी फक्त १ रुपया मागितला असे धरू. तिजोरीत ५ असल्याने तो देता येईल, असे वरकरणी वाटते. पण दिल्यास तिजोरीत ४ उरतात. दुसऱ्याचे काम होऊन तिजोरी ९ वर जाते आणि तेथेच अडते, कारण पहिल्याला १० लागू शकतात आणि तिसऱ्यालाही १०. एका रुपयाने वाट बंद झाली. म्हणून शहाणा बँकर तो रुपया तूर्त देत नाही. अल्गोरिदमचा सारा गाभा एवढ्या उदाहरणात आहे. पुढे जे वाढते ते केवळ रकान्यांची संख्या.

डाइक्स्ट्रांच्या मांडणीत चलन एकच होते. संगणकात मात्र संसाधनांचे अनेक प्रकार असतात. डाइक्स्ट्रांचेच विद्यार्थी निको हाबरमान यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ही पद्धत अनेक प्रकारच्या संसाधनांसाठी विस्तारली. पाठ्यपुस्तकांत आज शिकवले जाते ते हे विस्तारित रूप होय.

## उदाहरणातील तक्ते

एका प्रणालीत अ, ब आणि क अशी तीन प्रकारची संसाधने आहेत. अ प्रकारचे ८, ब प्रकारचे ५ आणि क प्रकारचे ६ नग आहेत. प्र१ ते प्र५ अशा पाच प्रक्रिया चालू आहेत. प्रश्नपत्रिकेत सहसा पुढील दोन गोष्टी दिलेल्या असतात: प्रत्येक प्रक्रियेकडे आत्ता असलेले वाटप आणि तिने आधी जाहीर केलेली कमाल मागणी. तिसरा रकाना, म्हणजे उर्वरित गरज, विद्यार्थ्याने काढायचा असतो.

```
Need[i][j] = Max[i][j] - Allocation[i][j]
```

| प्रक्रिया | वाटप (अ ब क) | कमाल (अ ब क) | गरज (अ ब क) |
|---|---|---|---|
| प्र१ | १ ० २ | ४ २ ३ | ३ २ १ |
| प्र२ | २ १ १ | ३ २ २ | १ १ १ |
| प्र३ | २ १ ० | ७ ३ २ | ५ २ २ |
| प्र४ | ० २ १ | २ ३ ३ | २ १ २ |
| प्र५ | १ ० १ | ५ ४ ३ | ४ ४ २ |

गरजेच्या रकान्यात कुठेही ऋण संख्या आली, तर आकडे उतरवून घेताना चूक झाली आहे असे समजावे. कोणतीही प्रक्रिया स्वतः जाहीर केलेल्या कमाल मर्यादेपेक्षा अधिक धारण करू शकत नाही.

यानंतर उपलब्ध संसाधने काढावी लागतात. वाटपाच्या रकान्याची उभी बेरीज केली तर अ चे ६, ब चे ४ आणि क चे ५ नग वाटलेले दिसतात. एकूण नगांतून हे वजा केल्यावर (२, १, १) उरतात. काही प्रश्नांत एकूण नग न देता उपलब्ध नगच थेट दिलेले असतात. दोन्हींत गल्लत झाली तर पुढचे सारे उत्तर चुकते, म्हणून प्रश्नातील हे वाक्य दोनदा वाचणे इष्ट.

## सुरक्षित क्रम शोधणे

शोधासाठी ‘वर्क’ नावाचा एक सदिश घेतात. त्याची सुरुवातीची किंमत उपलब्ध संसाधनांइतकी, म्हणजे (२, १, १) असते. प्रत्येक प्रक्रियेपुढे ‘फिनिश’ ही खूण असून ती आरंभी ‘नाही’ अशी असते. मग जिची गरज वर्कमध्ये मावते अशी अपूर्ण प्रक्रिया शोधायची. ‘मावते’ याचा अर्थ तिन्ही घटक स्वतंत्रपणे वर्कमधील त्या त्या घटकाइतके किंवा त्याहून कमी असणे. अशी प्रक्रिया मिळाली की ती पूर्ण झाली असे मानून तिचे वाटप वर्कमध्ये मिळवायचे आणि तिची खूण बदलायची.

प्र१ ची गरज (३, २, १) आहे. अ चे ३ हवेत आणि हाताशी २ आहेत, म्हणून प्र१ थांबते. तिची अ ची गरज भागत नाही एवढे कारण पुरेसे असते. उरलेले दोन घटक पाहण्याची आवश्यकता नाही.

प्र२ ची गरज (१, १, १) आहे आणि ती (२, १, १) मध्ये मावते. प्र२ पूर्ण होते. तिच्याकडील (२, १, १) परत आल्याने वर्क (४, २, २) होतो.

प्र३ ची गरज (५, २, २) आहे. ब आणि क पुरेसे आहेत, पण अ चे ५ हवेत आणि ४ च आहेत. प्र३ थांबते.

प्र४ ची गरज (२, १, २) ही (४, २, २) मध्ये मावते. क चा घटक येथे नेमका बरोबरीत आहे आणि बरोबरी चालते. प्र४ कडील (०, २, १) मिळवल्यावर वर्क (४, ४, ३) होतो.

प्र५ ची गरज (४, ४, २) ही (४, ४, ३) मध्ये मावते. तिचे (१, ०, १) मिळवून वर्क (५, ४, ४) होतो.

पहिली फेरी संपली. प्र१ आणि प्र३ अजून बाकी आहेत, म्हणून वरून पुन्हा पाहायचे. प्र१ ची गरज (३, २, १) आता मावते. तिचे (१, ०, २) परत येऊन वर्क (६, ४, ६) होतो. प्र३ ची गरज (५, २, २) हीदेखील मावते आणि तिचे (२, १, ०) मिळून वर्क (८, ५, ६) होतो.

सर्व प्रक्रिया पूर्ण झाल्या. स्थिती सुरक्षित असून सुरक्षित क्रम प्र२, प्र४, प्र५, प्र१, प्र३ असा आहे. उत्तरपत्रिकेत हेच काम छोट्या तक्त्यात मांडता येते आणि परीक्षकालाही ते तपासणे सोपे जाते:

| पायरी | प्रक्रिया | गरज | आधीचा वर्क | नंतरचा वर्क |
|---|---|---|---|---|
| १ | प्र२ | १ १ १ | २ १ १ | ४ २ २ |
| २ | प्र४ | २ १ २ | ४ २ २ | ४ ४ ३ |
| ३ | प्र५ | ४ ४ २ | ४ ४ ३ | ५ ४ ४ |
| ४ | प्र१ | ३ २ १ | ५ ४ ४ | ६ ४ ६ |
| ५ | प्र३ | ५ २ २ | ६ ४ ६ | ८ ५ ६ |

शेवटचा वर्क एकूण नगांइतका, म्हणजे (८, ५, ६) आला आहे. सर्व प्रक्रियांनी सर्व काही परत केल्यावर तो तसाच यायला हवा. तो वेगळा आला तर बेरजेत किंवा उपलब्ध नग काढताना चूक आहे. मात्र ही पडताळणी क्रमाबद्दल काहीच सांगत नाही. चुकीच्या क्रमाने वाटप मिळवत गेल्यासही शेवटची बेरीज तीच येते. म्हणून प्रत्येक पायरीवरील तुलना स्वतंत्रपणे बरोबर असावी लागते.

## क्रम एकच असतो का

वरील उदाहरणात प्र२ नंतर खाली न जाता पुन्हा वरून सुरुवात केली, तर वेगळा क्रम मिळतो. वर्क (४, २, २) असताना प्र१ ची गरज (३, २, १) मावते आणि वर्क (५, २, ४) होतो. त्यात प्र३ ची (५, २, २) मावते आणि वर्क (७, ३, ४) होतो. मग प्र४ आणि प्र५ यांनाही अडचण उरत नाही. हा प्र२, प्र१, प्र३, प्र४, प्र५ असा क्रम पहिल्याइतकाच बरोबर आहे. शेजारच्या विद्यार्थ्याचा क्रम वेगळा आला म्हणून आपला चुकला असे नव्हे. मात्र या स्थितीतील प्रत्येक सुरक्षित क्रमात प्र२ पहिलीच येते, कारण (२, १, १) मध्ये दुसऱ्या कोणाचीही गरज मावत नाही. बहुपर्यायी प्रश्नांत दिलेल्या क्रमांपैकी योग्य क्रम निवडायचा असेल, तर अशी सक्तीची पहिली पायरी शोधल्याने बरेच पर्याय लगेच गळतात.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. दोन प्रक्रिया एकाच वेळी मावत असताना चुकीची आधी निवडली, तर पुढे अडून बसण्याचा धोका नाही का? तसे घडत नाही. प्रक्रिया पूर्ण झाली की वर्कमध्ये तिचे वाटप मिळवले जाते, त्यातून काही वजा होत नाही. त्यामुळे वर्कचा कोणताही घटक कधीच घटत नाही. आत्ता जी प्रक्रिया मावते ती नंतरही मावेल. एखादी आधी निवडल्याने दुसरीची संधी जात नाही, फार तर तिच्यासाठी अधिक जागा होते. म्हणून मागे फिरून दुसरी वाट चाचपावी लागत नाही. पुढे जाता येईनासे झाले, म्हणजे सुरक्षित क्रम खरोखरच अस्तित्वात नाही.

कामाचा भारही याच कारणाने मर्यादित राहतो. पाच प्रक्रियांचे सर्व क्रम तपासायचे तर १२० होतील. या पद्धतीत पहिली प्रक्रिया ठरवायला जास्तीत जास्त ५, दुसरीला ४ अशा वाईटात वाईट १५ तुलना पुरतात. वरील उदाहरणात ७ तुलनांतच काम झाले. प्रक्रियांची संख्या n आणि संसाधनांचे प्रकार m असतील, तर खर्च m × n² च्या प्रमाणात वाढतो.

## नव्या विनंतीची तपासणी

प्रश्नाच्या दुसऱ्या भागात बहुधा एखादी प्रक्रिया नवी विनंती करते आणि ती लगेच मान्य करता येईल का, असे विचारलेले असते. येथे क्रमाने तीन गोष्टी पाहतात. विनंती त्या प्रक्रियेच्या उर्वरित गरजेपेक्षा मोठी असेल, तर तिने स्वतःचीच जाहीर मर्यादा ओलांडली आहे. ही त्रुटी असून विनंती फेटाळली जाते. विनंती उपलब्ध नगांपेक्षा मोठी असेल, तर प्रक्रियेने थांबायचे असते. या दोन्हींतून विनंती पार पडली, तर संसाधन दिले असे तात्पुरते मानून नव्या स्थितीत सुरक्षित क्रम शोधायचा.

समजा प्र१ ने (१, ०, ०) मागितले. हे तिच्या गरजेत आणि उपलब्ध नगांत बसते. दिले असे मानल्यास उपलब्ध (१, १, १), प्र१ चे वाटप (२, ०, २) आणि तिची गरज (२, २, १) होते. तीनही आकडे एकदम बदलावे लागतात. गरज कमी करायला विसरणे ही येथील नेहमीची चूक आहे. आता प्र२ ची (१, १, १) नेमकी मावते आणि वर्क (३, २, २) होतो. मग प्र१ मावते आणि वर्क (५, २, ४) होतो. पुढे प्र३, प्र४ आणि प्र५ पूर्ण होतात. म्हणून विनंती लगेच मान्य करता येते.

त्याऐवजी मूळ स्थितीत प्र४ ने (१, ०, १) मागितले असे धरू. हेही गरजेत आणि उपलब्ध नगांत बसते. दिल्यास उपलब्ध (१, १, ०) उरते आणि प्र४ ची गरज (१, १, १) होते. आता क चा एकही नग मोकळा नाही, आणि पाचही प्रक्रियांना क चा किमान एक नग लागू शकतो. पहिल्याच पायरीवर कोणीच मावत नाही. स्थिती असुरक्षित ठरते, म्हणून तात्पुरते बदल मागे घेऊन मूळ तक्ता पूर्ववत केला जातो आणि प्र४ थांबते. उत्तरात केवळ ‘असुरक्षित’ एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक उरलेली प्रक्रिया कोणत्या घटकामुळे अडली हे दाखवावे लागते. येथे क या एका घटकावर बोट ठेवले की ते सर्वांना लागू पडते.

## असुरक्षित स्थिती आणि डेडलॉक

असुरक्षित स्थिती म्हणजे डेडलॉक नव्हे. प्र४ ची विनंती मान्य केली असती तरी डेडलॉक झालाच असता असे नाही. प्र१ कडे क चे दोन नग आहेत. तिने मध्येच त्यातील एक सोडून दिला असता, किंवा प्र२ ला जाहीर केलेला शेवटचा नग लागलाच नसता, तर काम पुढे सरकले असते. असुरक्षिततेचा अर्थ इतकाच की सर्व प्रक्रियांनी आपापली कमाल मागणी हट्टाने केली, तर डेडलॉक टाळण्याची हमी कार्यप्रणालीच्या हाती उरत नाही. सुरक्षित स्थितीत ही हमी असते. म्हणून बँकर अल्गोरिदम गरजेपेक्षा अधिक सावध आहे, आणि ज्या विनंत्यांमुळे प्रत्यक्षात काहीच बिघडले नसते अशाही काही विनंत्या तो अडवून ठेवतो.

सुरक्षित क्रमाबद्दलही असाच गैरसमज आढळतो. हा क्रम म्हणजे प्रक्रिया चालवण्याचे वेळापत्रक नाही. कार्यप्रणाली प्र२ संपेपर्यंत बाकीच्यांना रोखून धरत नाही, सर्व प्रक्रिया आलटूनपालटून चालूच असतात. असा एक तरी क्रम शक्य आहे, हा केवळ पुरावा असतो.

## परीक्षेत होणाऱ्या चुका

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे प्रक्रिया पूर्ण झाल्यावर वर्कमध्ये वाटपाऐवजी गरज किंवा कमाल मागणी मिळवणे. प्रत्यक्षात काय घडते ते पाहिल्यास ही चूक टळते. पूर्ण होण्यासाठी प्रक्रिया आधी आपली गरज वर्कमधून घेते आणि संपल्यावर कमाल इतके सर्व परत करते. वर्कमधून गरज वजा करून कमाल मिळवली की निव्वळ वाढ वाटपाइतकीच उरते. प्र२ चे पाहा: (२, १, १) मधून (१, १, १) गेले, (१, ०, ०) उरले, त्यात (३, २, २) आले आणि (४, २, २) झाले. थेट वाटप मिळवूनही हेच आले होते. वजाबाकीची पायरी न करता नुसती कमाल मागणी मिळवणाऱ्याला वर्क (५, ३, ३) मिळतो आणि त्यात प्र३ ची (५, २, २) अवेळी मावते. तिथून क्रम भरकटतो. शेवटचा वर्क एकूण नगांपेक्षा मोठा येणे ही या चुकीची हमखास खूण आहे.

दुसरी चूक तुलनेत होते. काही विद्यार्थी तीन घटकांची बेरीज करून तुलना करतात. गरज (०, ३, ०) आणि वर्क (२, १, १) असेल, तर बेरजा ३ आणि ४ येतात आणि गरज मावते असे वाटते. पण अ चे जादा नग ब ची उणीव भरून काढू शकत नाहीत.

## मर्यादा

प्रत्येक प्रक्रियेची कमाल मागणी आधी माहीत असणे ही या पद्धतीची पहिली अट आहे, आणि ती व्यवहारात क्वचितच पूर्ण होते. वापरकर्ता कोणती फाइल उघडेल, कार्यक्रमाला किती स्मृती लागेल, हे सुरुवातीला सांगता येत नाही. प्रक्रियांची संख्या ठरलेली असावी अशीही अपेक्षा असते, पण चालू प्रणालीत प्रक्रिया सतत येत-जात असतात. एखादे उपकरण बिघडले तर एकूण नगच घटतात आणि सुरक्षित मानलेली स्थिती त्या क्षणी असुरक्षित होऊ शकते. शिवाय प्रत्येक विनंतीमागे हा सारा शोध नव्याने करावा लागतो. थांबवलेल्या प्रक्रियेला किती काळ थांबावे लागेल, याचेही उत्तर या पद्धतीत नाही.

या कारणांमुळे लिनक्स किंवा विंडोजसारख्या सर्वसाधारण वापराच्या कार्यप्रणाली संसाधनवाटपासाठी बँकर अल्गोरिदम चालवत नाहीत. तेथे कुलुपे नेहमी ठरावीक क्रमानेच घ्यावीत असा नियम घालून डेडलॉकला मुळातच वाव न देण्याकडे कल असतो. अनेक डेटाबेस प्रणाली तर डेडलॉक होऊ देतात, तो ओळखतात आणि अडकलेल्यांपैकी एक व्यवहार रद्द करून बाकीच्यांची वाट मोकळी करतात.